गोव्यात पावणेनऊ तास हातात आहेत, आईला मंगेशी दाखवून विमान गाठता येईल का?

मेधा_नागपूर
नमस्कार मंडळी. ३ डिसेंबरला मी आणि आई (वय ७६, गुडघे दुखतात, बाकी ठणठणीत) नागपूरहून गोव्याला उतरतोय. सकाळी १०:०५ ला विमान उतरतं, आणि चेन्नईचं पुढचं विमान संध्याकाळी ६:५० चं आहे. चेन्नईला बहिणीकडे जातोय. गोवामार्गे जायचं खरं कारण एकच, आईला मंगेशीला जायचंय. शेवटची गेली तेव्हा मी शाळेत होते.

मधे पावणेनऊ तास आहेत. मंगेशीला जाऊन वेळेत परत विमानतळावर येता येईल का? नकाशा म्हणतो सहज होईल, पण नकाशाला आईचे गुडघे ठाऊक नाहीत. सामान म्हणजे एक मोठी बॅग, एक लहान बॅग आणि आईची पिशवी.

वास्कोचा_बाब
अगदी आरामात होईल हो, पावणेनऊ तास म्हणजे खूप झाले! मी तर म्हणेन मंगेशीचा हट्ट कशाला, विमानतळापासून बोगमाळो किनारा दहा-पंधरा मिनिटांवर आहे. आईंना समुद्र दाखवा, मासे खाऊ घाला, झोपाळ्यावर बसवा. संध्याकाळी ५ ला निघालात तरी चालेल. वेब चेकइन करून ठेवा म्हणजे काउंटरची भानगडच नाही.

मेधा_नागपूर
आई शाकाहारी आहे आणि समुद्र बघायला ती येत नाहीये, मंगेशाला भेटायला येतेय. पण धन्यवाद, बोगमाळो पुढच्या खेपेला.

म्हापसेकर_ग्राउंड
मेधाताई, आधी एक काम करा. दोन्ही तिकिटं उघडा आणि 'गोवा' या शब्दाच्या शेजारी तीन अक्षरं काय आहेत ते इथे लिहा. GOI की GOX? आधी पहिल्या तिकिटावरचं सांगा, मग दुसऱ्या. तोवर कुणी काही सल्ला देऊ नका. (बाब, तुम्हीसुद्धा.)

मेधा_नागपूर
पहिल्यावर GOX, दुसऱ्यावर GOI. दोन्ही गोवाच ना?

म्हापसेकर_ग्राउंड
दोन्ही गोवाच, पण दोन वेगळी विमानतळं. GOX म्हणजे मोपा, पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीजवळ. तिथून जानेवारी २०२३ पासून विमानं सुटतात. GOI म्हणजे जुनं दाबोळी, वास्कोजवळ. दोघांत ६० किलोमीटरच्या वर अंतर आहे, आणि वाटेत मांडवी आणि झुआरी दोन्ही नद्या.

मी ११ वर्षं विमानतळावर ग्राउंडच्या कामात आहे, आधी दाबोळीला, आता मोपाला. दर महिन्याला निदान एक कुटुंब मोपाच्या काउंटरवर दाबोळीचं तिकीट घेऊन उभं राहतं आणि 'पण गोवा लिहिलंय ना' म्हणतं. त्यांना तिथून सांभाळून पाठवायला कुणाकडेच काही नसतं.

म्हणजे तुमचा प्रश्न 'मंगेशीला जाऊन परत येता येईल का' असा नाहीच. तुम्हाला परत यायचंच नाहीये. उत्तरेतून दक्षिणेकडे एक दौड आहे आणि मंगेशी त्या वाटेवर जवळपास मधे पडते. बातमी वाईट दिसते, पण तशी नाही: जाऊन येण्याचा दुहेरी रस्ता वाचला. वाईट भाग वेगळा आहे. संपूर्ण दिवस सामान तुमच्या गाडीत असणार, आणि दोन तिकिटं दोन वेगवेगळ्या पीएनआरवर आहेत ना?

मेधा_नागपूर
हो, वेगवेगळी, कंपन्याही वेगळ्या. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, 'म्हणजे मंगेशी वाटेतच आहे, देवानंच काढलं.' मी मात्र जरा घाबरलेय.

वास्कोचा_बाब
अरेच्चा, GOX बघितलंच नाही मी. बोगमाळो रद्द. मात्र वेब चेकइनचा मुद्दा बरोबर आहे, तो सोडू नका.

म्हापसेकर_ग्राउंड
बाब, वेब चेकइन करायलाच हवं, पण त्यानं काउंटर सुटत नाही. बॅग पोटात टाकायची असेल तर बॅग घेणारा काउंटर देशांतर्गत विमानांसाठी साधारण सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद होतो. मोबाईलवर बोर्डिंग पास असून बॅग हातात राहिली म्हणून अडकलेले मी बरेच बघितलेत. मेधाताई, ६:५० चं विमान म्हणजे तुमच्यासाठी ५:५० ही भिंत. ६:५० हा आकडा विसरून जा.

चिंतामणी_डोंबिवली
माझा अनुभव सांगतो. गेल्या वर्षी मी मुंबईत टर्मिनल १ ला उतरलो आणि पुढचं विमान २ वरून होतं. तिथली बस लागते साधारण... (मोठं आहे, सगळं लिहितो.) मुद्दा असा की टर्मिनल बदलताना सीआयएसएफवाल्याला तिकीट दाखवावं लागतं, हे लक्षात ठेवा. आणि हो, मुंबईत वडापाव टर्मिनलच्या बाहेरच खा.

मेधा_नागपूर
काका, माझं गोव्याचं आहे 🙂 पण वडापावचं नोंदवलं.

चिंतामणी_डोंबिवली
गोवा, गोवा. वाचलं होतं मी. पण खरं सांगू, गोव्याचाच एक दणका मीही खाल्लाय. म्हापशात राहत होतो, मोपाहून विमान, वाटलं अर्धा तास पुरे. वाटेत पणजीत मित्राला भेटून घेऊ म्हणून उलट गेलो. परत येताना पर्वरीला उड्डाणपुलाचं काम चालू, गाडी तशीच ४० मिनिटं एका पेट्रोल पंपापुढे. पंपाचा पोरगा आमच्या काचेवर हात ठेवून क्रिकेटचा स्कोअर विचारत होता. काउंटरवर पोचलो तेव्हा पाच मिनिटं उशीर, बाई छान हसून 'सॉरी सर' म्हणाल्या. पुढचं तिकीट तिप्पट दरात. कंपनीचं नाव सांगत नाही, चूक माझीच.

प्रियोळकर
मी मंगेशीपासून दीड किलोमीटरवर राहतो, म्हणून एकच गोष्ट. ३ डिसेंबर ही तारीख बघा. जुन्या गोव्याचं फेस्त! फ्रान्सिस झेवियरचं. राज्यभरची माणसं चालत, गाड्यांनी तिकडे येतात, सुट्टी असते. पणजीहून फोंड्याचा रस्ता जुन्या गोव्यावरूनच जातो. नेहमीच्या दिवशी पणजी ते मंगेशी अर्धा-पाऊण तास. फेस्ताच्या दिवशी मी तो हिशेब करतच नाही, घरातून बाहेरच पडत नाही.

मेधा_नागपूर
हे कुणीच सांगितलं नसतं. मग तारीख बदलू का? तिकिटाला दंड बसेल.

प्रियोळकर
तारीख बदलायची गरज नाही, रस्ता बदला. मोपाहून येताना पणजीला जायचंच नाही. ड्रायव्हरला सांगा, म्हापशाच्या आधीच हायवे सोडून थिवी, अस्नोडा, डिचोली धरा, मग आमोण्याचा पूल ओलांडून खांडोळा, माशेल आणि मंगेशी. रस्ता अरुंद, वळणांचा, पण पर्वरीचं काम आणि जुन्या गोव्याची गर्दी दोन्ही टळतात. फेस्ताला तिकडून फोंड्याच्या बाजूनंही गाड्या येतात, म्हणून बाणस्तारीजवळ थोडं थांबावं लागू शकतं. मला तरी पाऊण तास अडकण्यापेक्षा तो रस्ता बरा वाटतो.

परतीला (म्हणजे पुढे) उलट तिकडे वळूच नका. मंगेशीहून फर्मागुढी, फोंडा, बोरीचा पूल, लोटली, वेर्णा, दाबोळी. तिथे फेस्त नाही.

म्हापसेकर_ग्राउंड
प्रियोळकरांनी अर्धं काम केलं. आता उलट्या बाजूनं मोजू. मी नेहमी शेवटापासून मोजतो, उतरण्याच्या वेळेपासून नाही, कारण उतरण्याची वेळ आपल्या हातात नसते.

५:५० ला काउंटर बंद. मी तुम्हाला दारात ४:५० ला बघू इच्छितो. दाबोळी नौदलाच्या तळावर आहे, कामाच्या दिवशी सकाळी सरावामुळे नागरी विमानांना धावपट्टी फारशी मिळत नाही आणि विमानं दुपारनंतर दाटतात. दारावर आणि बॅगेच्या रांगेत त्याच वेळी गर्दी. आईंसाठी व्हीलचेअर सांगितली असेल तर तीही यायला वेळ घेते. म्हणून तासभर.

मंगेशी ते दाबोळी बोरीमार्गे मी सव्वा तास धरतो, त्यावर अर्धा तास टायर पंक्चरसाठी. म्हणजे मंगेशीहून शेवटची गाडी ३:०५ ला हलली पाहिजे. त्याआधी देवळात एक तास हवा, गाडीतळापासून फुलांच्या दुकानांमधून चालत जायचं आहे आणि आई सावकाश चालतील. म्हणजे मंगेशीला २:०५ ला पोचलेलं हवं. मोपा ते मंगेशी डिचोलीमार्गे पावणेदोन तास धरतो. वजा करा, मोपाच्या दारातून बाहेर पडायची शेवटची वेळ १२:२०.

हा तुमचा खरा आकडा, १२:२०. त्याच्या आत बॅग हातात घेऊन बाहेर असाल तर मंगेशी. १२:२० उलटले तर गाडी थेट दाबोळीला, देवळाला हात जोडून. उगाच 'पाच मिनिटंच झालीत' म्हणू नका, असं पाच-पाच मिनिटांनीच तो तास खाल्ला जातो.

नियोजनाप्रमाणे १०:०५ ला उतरलात तर व्हीलचेअरवाले प्रवासी शेवटी उतरतात, बॅग पट्ट्यावर यायची, ११ वाजता बाहेर. मग सव्वातास शिल्लक आहे, आणि तो सव्वातास विमानाच्या उशिरासाठी राखीव.

मेधा_नागपूर
म्हणजे पहिलं विमान सव्वा तासापर्यंत उशिरा आलं तरी चालेल. त्यापेक्षा जास्त झालं तर?

म्हापसेकर_ग्राउंड
तर थेट दाबोळी. मोपाहून तिथवर दोन तास धरा, गर्दीत जास्त. तसं बघितलं तर अडीच वाजता मोपाहून निघालात तरी मी काढलेल्या वेळेत पोचाल. देऊळ हुकेल, विमान नाही. खरी भीती त्याहून मोठ्या उशिराची. वेगळे पीएनआर म्हणून दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबणार नाही, तिकिटाचे पैसेही सहसा जातात. त्यामुळे पहिलं विमान रात्रीच उशिरात जायची चिन्हं दिसली तर नागपूरलाच ठरवा.

साळगावकर_बाय
म्हापसेकरांचा हिशेब बरोबर, पण तुम्ही सगळे एक विसरताय. आईंचा मंगेश कुलदैवत असेल तर कवळ्याची शांतादुर्गा पण हवीच ना? ती फोंड्याच्या पलीकडे थोडी आत, बोरीला जायच्या वाटेजवळच! ओटी न भरता जायचं म्हणजे काय.

मेधा_नागपूर
तुम्ही आईशी फोनवर बोललात का? 😄 काल रात्री तिनं नेमकं हेच सुरू केलं. म्हणते मंगेशीला अभिषेक आणि कवळ्याला ओटी, नाहीतर उगाच एवढं लांब कशाला.

म्हापसेकर_ग्राउंड
कवळे वाटेजवळ आहे हे खरं, पण वाटेवर असणं आणि वेळ न लागणं वेगळं. वळसा, गाडीतळ, चालणं, ओटी, पुन्हा चालणं, एक तास धराच. तेवढाच मागे सरका: मोपाच्या दारातून ११:२० च्या आत बाहेर आलात तर दोन्ही. ११:२० ते १२:२० च्या मधे असाल तर फक्त मंगेशी. निर्णय मोपाच्या दारातच, देवळात नाही. देवळात पोचल्यावर आई ऐकणार नाहीत, आणि तुम्हीही.

साळगावकर_बाय
मला नाही पटत. आधी कवळे, मग मंगेशी असं उलट केलं तर? आणि तो अर्धा तास पंक्चरचा, तासभर दारातला, सगळं जरा सैल वाटतं. देवासाठी आलोय तर एवढं घाबरून कसं चालेल?

म्हापसेकर_ग्राउंड
उलटं केलं तर मंगेशीहून पुन्हा फोंड्याला मागे यावं लागेल, रस्ता दुप्पट. सैल म्हणाल तर हो, सैल आहे. पण मी काउंटरच्या आतल्या बाजूनं बघितलेलं सांगतोय. तुम्हाला कमी सैल हवं तर ठरवा, तिकीट तुमचं.

प्रियोळकर
भांडू नका. मेधाताई, देवस्थानाला आदल्या दिवशी फोन करून अभिषेकाच्या आणि दुपारच्या नैवेद्याच्या वेळा विचारा, नाहीतर गाभाऱ्यापुढे उगाच उभ्या राहाल. कपडे नीट घालून या, तिथे त्याबाबत कडक आहेत. आणि सामानाला कुठे ठेवायची सोय शोधत बसू नका, गाडीच्या डिकीतच राहू द्या.

वास्कोचा_बाब
गाडीबद्दल मी सांगतो, हे मला नक्की माहीत आहे (या वेळी). मोपाच्या प्रीपेड काउंटरवर एका ठिकाणचं भाडं असतं, मधे थांबून थांबून जायचं नसतं. तिथून दाबोळीचं भाडं घेतलंत आणि मंगेशीला दोन तास थांबा म्हणालात तर भांडण होणार. संपूर्ण दिवसाची गाडी आधीच ठरवा, भाडं, थांबायचा वेळ आणि 'मोपा–मंगेशी–दाबोळी' हे तीन शब्द व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. गाडीचा नंबर घ्या. मोठ्या शहरांसारखं दोन मिनिटांत अ‍ॅपवर गाडी येईल या भरवशावर राहू नका. मंगेशीसारख्या ठिकाणाहून तर मुळीच नको.

म्हापसेकर_ग्राउंड
बाबना पूर्ण गुण. एक भर: प्रसादाचा नारळ हातातल्या पिशवीत ठेवू नका. अख्खा नारळ सुरक्षेत काढून ठेवतात. मोठ्या बॅगेत टाका. खोबऱ्याच्या वाट्या तर कुठेच नकोत, त्या पेट घेतात म्हणून मनाई आहे. दाबोळीच्या टेबलावर नारळांची रास मी बघितली आहे, प्रत्येक नारळामागे एक हिरमुसलेली आजी.

मेधा_नागपूर
गाडी ठरली. ड्रायव्हर डिचोलीचाच, फेस्त म्हटल्यावर म्हणाला, 'बाय, पणजी नांवच घेऊं नाका.' निर्णय: ११:२० आणि १२:२०, दोन वेळा फोनवर गजर लावलेत. आईला दोन्ही दाखवले. ती म्हणाली, 'पहिला बंद कर.'

---

मेधा_नागपूर
*(५ डिसेंबर)*
जाऊन आलो, सांगायचं राहिलं. विमान ३५ मिनिटं उशिरा उतरलं. व्हीलचेअर आली, पण बॅग शेवटून दुसरी. दारातून बाहेर पडलो तेव्हा ११:४०. पहिला गजर पट्ट्यापाशीच वाजून गेला होता, आईनं माझ्याकडे बघितलं, मी फोनकडे.

डिचोलीचा रस्ता खरंच रिकामा. आमोण्याच्या पुलावर ड्रायव्हरनं काच खाली केली, आई नदी बघत गप्प बसली. बाणस्तारीपाशी २० मिनिटं खोळंबा, फेस्ताला जाणाऱ्या गाड्या. मंगेशीला १:३० ला पोचलो. दीपमाळ पाहिल्यावर आईचा चेहरा बदलला, तिला माळेचे सात मजले आठवत होते, मोजून दाखवले. अभिषेकाची वेळ टळली होती, पण दर्शन सावकाश झालं. २:४५ ला निघालो.

फोंड्यात ड्रायव्हर म्हणाला, कवळे पाच-दहा मिनिटांवर. मी नाही म्हटलं. आईनं पदर नीट केला आणि खिडकीतून बाहेर बघितलं, दाबोळीपर्यंत एक शब्द नाही. पोचलो ४:०५ ला. म्हणजे पाऊण तास आधी. नारळ मोठ्या बॅगेत, रांग फार नव्हती.

साळगावकर_बाय
बघा! पाऊण तास! कवळे झालं असतं.

म्हापसेकर_ग्राउंड
झालं असतं, हो. बाणस्तारीला २० ऐवजी ५० मिनिटं लागली असती तरी?

साळगावकर_बाय
तर तेव्हा नसतं केलं. फोंड्यात घड्याळ बघून ठरवता आलं असतं ना. मोपाच्या दारातच का?

म्हापसेकर_ग्राउंड
तो प्रश्न बरोबर आहे. फोंड्यात निर्णय घेण्याची वेळही लिहून द्यायला हवी होती मी. पुढचा कुणी विचारेल तेव्हा तिसरा गजर.

प्रियोळकर
मेधाताई, आईंना सांगा, देवीच्या ओटीचं सामान आमच्या घरातून कवळ्याला जातं दर शुक्रवारी. पोचवू का?

मेधा_नागपूर
आई म्हणतेय, 'त्यांना सांग, पोचवा, पण मी स्वतः येणारच आहे.' मी पुढच्या वर्षीची तिकिटं बघतेय. दोन्ही GOI.